पंचाहत्तर फोटो, चारशे सेकंद

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दाखवायचा फोटोंचा व्हिडिओ बहुतेक घरांत एकाच पद्धतीनं तयार होतो. मुलगा किंवा नात लॅपटॉप उघडते, हाती लागतील ते सगळे फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये ओतते, खाली एक गाणं टाकते आणि मग कापाकापीला बसते. तयार होतं ते सतरा-अठरा मिनिटांचं प्रकरण. त्यात लग्नाला जेमतेम एक मिनिट मिळतं आणि अर्ध्याहून जास्त वेळ गेल्या दहा वर्षांतल्या सहली नि हॉटेलांतली जेवणं खातात, कारण मोबाइलमुळे तेच फोटो ढिगानं असतात. हॉलमधल्या पाहुण्यांना नेमकं उलट हवं असतं. कालपरवाचे फोटो त्यांनी व्हॉट्सॲपवर पाहिलेले आहेत. १९७६ची नवरी पाहायला ते माना उंच करून बसलेले असतात.

अशा व्हिडिओची खरी अडचण ही आहे की, ज्या वर्षांचे फोटो कमी तीच वर्षं पाहण्याजोगी, आणि ज्या वर्षांचे जास्त ती सगळ्यांना ठाऊक. फोटोंच्या संख्येवर सोडलं तर नव्या वर्षांचाच वरचष्मा होणार. म्हणून आधी सेकंद वाटायचे, मग फोटो निवडायचे. हे काम कागदावर होतं. ते नीट झालं तर प्रत्यक्ष जोडणी एखाद्या संध्याकाळी उरकते.

सेकंदांची वाटणी

उदाहरणादाखल एक घर घेऊ. मे १९७६मध्ये कराडला लग्न झालं. नवरा चिंचवडच्या कारखान्यात, बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका, तीन मुलं, आता पाच नातवंडं. घरात फोटो किती? लग्नाचे कृष्णधवल चौदा. त्यानंतर १९९०पर्यंतचे चाळीसेक. १९९० ते २००५ या काळातले रिळाच्या कॅमेऱ्याचे रंगीत फोटो तीनशेच्या आसपास. आणि त्यापुढचे सगळ्यांच्या मोबाइलमधले मिळून काही हजार.

हॉलमध्ये शंभर-दीडशे माणसं, जेवणाची वेळ जवळ आलेली, मुलं पळताहेत. अशा ठिकाणी सात मिनिटं ही सुरक्षित मर्यादा आहे. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद. सुरुवातीच्या पाटीला आठ आणि शेवटच्या पाटीला बारा सेकंद काढून ठेवले की हातात ४०० उरतात. त्यांचे पाच भाग करू. लग्नाला ९० सेकंद. १९७६ ते १९९० या संसार मांडण्याच्या काळाला ११०. पुढच्या पंधरा वर्षांना ९०. २००५पासून आजपर्यंतच्या काळाला ७०. आणि शेवटी आजचं कुटुंब, त्याला ४०.

आता फोटो. लग्नाचे बारा घेतले तर प्रत्येकाला साडेसात सेकंद मिळतात. एवढ्या वेळात मागच्या रांगेतली माणसंही ओळखता येतात आणि ‘अगं, ही तर आपली आक्का!’ असं शेजारणीला सांगूनही होतं. दुसऱ्या भागात वीस फोटो: अठरांना पाच-पाच सेकंद आणि दोन मोठ्या गटफोटोंना दहा-दहा. तिसऱ्या भागात अठरा, प्रत्येकी पाच सेकंद. चौथ्या भागात वीस फोटो, पण साडेतीन सेकंदांचे. चेहरे ओळखीचे आहेत, तेवढे पुरतात. शेवटी पाच फोटो, आठ-आठ सेकंदांचे. एकूण पंचाहत्तर.

या वाटणीत काही हजारांतून वीस आणि चौदातून बारा निवडले गेले. पहिल्यांदा ऐकताना हा अन्याय वाटतो, पण सगळी योजना याच एका निर्णयावर उभी आहे. निवडताना ‘हा फोटो चांगला आहे का’ असं विचारलं तर शंभर फोटो चांगलेच निघतात. ‘या भागात वीसच जागा आहेत, त्यातली एक याला द्यायची का’ असं विचारलं की हात आपोआप आवरता होतो.

जुने फोटो मिळवताना

त्या काळच्या अनेक घरांत आग्फा क्लिक थ्री हा साधा पेटी-कॅमेरा होता. त्याच्या रिळावर बारा चौकोनी फोटो निघायचे, सहा बाय सहा सेंटिमीटरचे. पुष्कळदा पैसे वाचवायला तेवढ्याच आकाराच्या प्रती काढून घेत. असा ठसा स्कॅनरवर ३०० डीपीआयला घेतला तर एका बाजूला जेमतेम ७०० पिक्सेल मिळतात. व्हिडिओची चौकट १९२० बाय १०८० पिक्सेलची असते, म्हणजे तो पडद्यावर ताणला जाऊन धूसर दिसणार. तोच ठसा १२०० डीपीआयला घेतला की एका बाजूला २८०० पिक्सेल येतात आणि चेहऱ्याजवळ जायलाही वाव राहतो. पोस्टकार्डाएवढ्या प्रतीला ६०० पुरे. थोडक्यात, प्रत जितकी लहान तितका डीपीआय जास्त.

काळ्या कागदाच्या अल्बममधले फोटो कोपऱ्यांतून अलगद निघतात. चिकट पानांच्या आणि वर प्लास्टिक असलेल्या अल्बममधले मात्र ओढू नयेत, फाटतात. प्लास्टिक हलकेच उचलता आलं तर उचलून पानच्या पान स्कॅन करावं. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात, मोबाइल फोटोला समांतर धरून आणि फ्लॅश बंद ठेवून काढलेला फोटोही चालतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो पुष्कळदा तांबूस झालेले असतात, कारण त्यांच्यातला निळसर रंग आधी उडतो. तो तांबूसपणा थोडा कमी करावा. पूर्ण घालवायच्या नादात चेहरे राखाडी होतात.

नातेवाइकांकडून मोबाइलवरचे फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगावं. नाहीतर व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि तो कधी काढला याची नोंदही पुसून टाकतं. `IMG-20190512-WA0003.jpg` असं नाव दिसलं की लोक तो १२ मे २०१९चा फोटो समजतात. ती तारीख व्हॉट्सॲपवर आल्या-गेल्याची असते. फोटो वीस वर्षं जुना असू शकतो. आपण नावं देताना पुढे क्रम आणि वर्ष घालावं, आणि क्रमांकात दहा-दहाचं अंतर ठेवावं, म्हणजे `210_1982_ganpati.jpg`, `220_1983_shala.jpg`. मध्ये एखादा फोटो घुसवायचा झाला तर 215 मोकळा असतो, सगळी नावं बदलत बसावं लागत नाही.

वर्ष आठवत नसेल तर फोटोतल्या वस्तूंकडे पाहावं. दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झालं. कोपऱ्यात रंगीत टीव्ही चालू दिसत असेल तर फोटो त्यानंतरचा. गाडीच्या पाटीवर ‘एमएच’ असेल तर तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढचा. धाकट्याचे दुधाचे दात पडलेले दिसले की वर्ष एक-दोनाच्या फरकानं हाती येतं. तरीही खात्री नसेल तर ‘साधारण १९८४’ लिहावं. चुकीचं वर्ष ठासून लिहिलं तर हॉलमध्ये निम्मी आत्येमंडळी पुढची दोन मिनिटं तेच वर्ष दुरुस्त करत बसतात.

कोण दिसतं, कोण नाही

फोटो क्रमानं लावल्यावर एक गोष्ट हमखास ध्यानात येते. लग्नानंतरची पंधरा वर्षं नवरा-बायको एका फोटोत क्वचितच सापडतात. कॅमेरा बहुधा त्यांच्याच हातात असायचा, त्यामुळे महाबळेश्वरच्या फोटोत ती आणि मुलं, ते नाहीत. ज्या एका फोटोत ते आहेत, तो तिनं काढलेला, म्हणून ती नाही. जोडप्याच्याच व्हिडिओत जोडपं दिसू नये ही मोठीच पंचाईत. उपाय सोपा आहे: एकाच सहलीतले ते दोन फोटो पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवायचे. चौकोनी फोटो आडव्या पडद्यावर एकटा ठेवला तर दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहते. दोन ठेवले की पडदाही भरतो आणि जोडपंही जुळतं. मोबाइलच्या उभ्या फोटोंनाही हीच युक्ती लागू पडते. कडेला त्याच फोटोची धूसर झालर लावण्यापेक्षा दोन उभे फोटो जोडीनं ठेवलेले बरे दिसतात.

त्यानंतर एक यादी करावी: माणसांची. दोघांचे आई-वडील, भावंडं, मुलं, जावई-सुना, नातवंडं, जुने शेजारी. प्रत्येकाच्या नावापुढे तो किती फोटोंत स्पष्ट दिसतो त्याच्या रेघा ओढाव्यात. सासरच्यांना तीस रेघा आणि माहेरच्यांना चार, असं चित्र निघणं अगदी नेहमीचं, कारण अल्बम सासरच्या घरात असतो. हे कागदावर दिसलं तर मामांकडे फोन करून दोन फोटो मागवता येतात. कार्यक्रमात कळलं तर मामांचं तोंड पाहावं लागतं. कोणाचा घटस्फोट झालाय, कोणाशी बोलणं बंद आहे, हेही याच वेळी घरातल्या जाणत्या माणसाला विचारून ठरवावं. गटफोटोतून कुणाला कापून काढलं की ती कापलेली कड सगळ्यांना दिसते. त्याऐवजी दुसरा फोटो घ्यावा.

जी माणसं आता नाहीत त्यांचंही आधी ठरवावं. लग्नाच्या फोटोत दिसणाऱ्या प्रत्येकाच्या नावामागे ‘कै.’ लावत गेलं तर आनंदाच्या कार्यक्रमात श्रद्धांजलीचा सूर लागतो. त्या फोटोत ती माणसं हयात आहेत, हसताहेत. नुसतं ‘दादा आणि माई’ लिहिलं तरी ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

मधल्या एखाद्या काळाचा एकही फोटो नसेल तर कागदपत्रं कामाला येतात. लग्नपत्रिका जपलेली असेल तर वेगळी शीर्षकाची पाटी करायचं कारणच नाही. दोन्ही घराण्यांची नावं, तिथी, मुहूर्त, ठिकाण सगळं तिच्यावर छापलेलं असतं. एखादं आंतरदेशीय पत्र, पहिल्या फ्रिजची पावती, शाळेतला निरोप समारंभाचा कागद यांचेही फोटो घेता येतात. फक्त त्यावरचे पत्ते आणि ओळख क्रमांक झाकावेत, कारण हा व्हिडिओ पुढे दहा ग्रुपवर फिरणार असतो.

गाणं आधी, मग फोटोंची लय

व्हिडिओ जोडून झाल्यावर गाणं शोधलं तर ते मध्येच तोडावं लागतं. म्हणून गाणी आधी ठरवावीत. जुनी भावगीतं आणि चित्रपटगीतं तीन-साडेतीन मिनिटांची का असतात, तर ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपासच गाणं मावायचं आणि ती सवय पुढेही टिकली. सात मिनिटांत अशी दोनच पूर्ण गाणी बसतात. आपल्या उदाहरणात एकच गाणं शब्दांचं ठेवू, पुढेमागे नुसती वाद्यं. पाटीचे आठ आणि लग्नाचे नव्वद असे ९८ सेकंद सनई. मधल्या दोन भागांना मिळून २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंदांचं, त्या दोघांच्या आवडीचं भावगीत. शेवटच्या दोन भागांना आणि पाटीला मिळून १२२ सेकंद बासरी किंवा सतार.

गाणं निवडताना ते शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकावं. मुखडा गोड आणि शेवट विरहाचा, अशी आपल्याकडे कितीतरी गाणी आहेत. मंगेश पाडगावकरांनी लिहिलेलं, यशवंत देवांनी चाल लावलेलं आणि अरुण दाते यांनी गायलेलं भातुकलीतल्या राजा-राणीचं गाणं चालीमुळे अनेकांना अशा प्रसंगी सुचतं. पण ती गोष्ट अर्ध्यावर मोडलेल्या डावाची आहे. पन्नास वर्षांच्या संसाराला ती लावली की शब्दांकडे लक्ष देणारे श्रोते एकमेकांकडे पाहतात.

लय मोजायला संगीत शिकलेलं असायला हवं असं नाही. गाण्याबरोबर मांडीवर टाळी देत बसावं आणि ठेका जिथे पुन्हा पहिल्या मात्रेवर, समेवर येतो, तिथून तिथपर्यंतचं एक आवर्तन किती सेकंदांचं आहे ते घड्याळ लावून पाहावं. एकच मोजण्यापेक्षा दहा आवर्तनं मोजून दहानं भागलं तर आकडा अचूक येतो. दादऱ्याच्या सहा मात्रा मिनिटाला ७२च्या गतीनं चालल्या तर आवर्तन बरोबर पाच सेकंदांचं होतं. केरव्याच्या आठ मात्रा ९६च्या गतीनं चालल्या तरी पाचच. आपल्या २०० सेकंदांच्या गाण्यात अशी चाळीस आवर्तनं बसतात. फोटो दर समेला बदलला तर पाहणाऱ्याला ते जाणवत नाही, पण सगळं सुरात चाललंय असं वाटत राहतं. गटफोटोंना दहा सेकंद दिले होते ते याचसाठी: दोन पूर्ण आवर्तनं. आवर्तन साडेचार सेकंदांचं निघालं तर आपले पाच सेकंद साडेचारवर आणावेत. गाण्याची गती बदलायला जाऊ नये, गायकाचा आवाज विचित्र होतो.

गाणं लांब असेल तर एक अंतरा सबंध काढून टाकावा: अंतरा जिथे संपून मुखडा परत येतो, तिथे कात्री चालवली तर सांधा कळत नाही. कडव्याच्या मध्येच आवाज हळूहळू बारीक करत नेणं हा शेवटचा पर्याय. सनईवरून गाण्यावर जाताना दोन-तीन सेकंद सनई उतरत न्यावी. जुनी आणि नवी ध्वनिमुद्रणं सारख्या आवाजाची नसतात, तेव्हा तिन्हींची पातळी आधी एकसारखी करून घ्यावी.

हक्कांचा प्रश्नही इथेच सोडवावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांत ध्वनिमुद्रण वाजवायला सूट दिली आहे. लग्नाच्या वाढदिवसाचा तिथे उल्लेख नाही, त्यामुळे संगीत वाजवायचा परवाना हॉलकडे आहे का ते विचारून ठेवावं. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ तिथली यंत्रणा गाण्यावरून ओळखते. मग तो काही देशांत दिसत नाही किंवा त्यावर जाहिराती लागतात. परदेशातल्या मुलाला दाखवायचा असेल तर मूळ फाइलच पाठवणं सोपं.

जोड तीनच

नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेटी आठवत असतील तर बदामातून उमलणारी नवरी आणि पानासारखे उलटणारे वऱ्हाडीही आठवत असतील. आजच्या ॲपमध्ये असे शंभर जोड फुकट मिळतात. लागतात तीन. एकाच प्रसंगातल्या दोन फोटोंमध्ये सरळ काट: एक गेला, दुसरा आला. काळ किंवा ठिकाण बदललं की विरघळ, म्हणजे एक फोटो पुसट होत दुसरा उमटणं, ज्याला ॲपमध्ये `Cross Dissolve` म्हणतात. आणि एक भाग संपून दुसरा सुरू होताना क्षणभर काळा पडदा. पाहणाऱ्याला कोणी नियम सांगत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून काळा पडदा आला की पुढचा काळ सुरू झाला, हे त्याला कळू लागतं. प्रत्येक जोड वेगळा ठेवला तर हा अर्थ कधीच तयार होत नाही.

विरघळीत एक खाचखळगा आहे. दोन्ही फोटोंत चेहरा पडद्याच्या मधोमध पण वेगळ्या आकाराचा असेल, तर अर्ध्या सेकंदाला चार डोळ्यांचा एक विचित्र चेहरा दिसतो. अशा ठिकाणी काट वापरावी, किंवा दोन्ही फोटोंतले डोळे एकाच जागी येतील असे ते बसवावेत. तसे बसवले तर तोच दोष गुण होतो. १९७६मधली मुंडावळ्या बांधलेली ती विरघळून आजची ती झाली, तर हॉलमध्ये टाळी पडते. मात्र ही युक्ती एकदाच करावी.

दुसरी गफलत हिशेबाची. एक सेकंदाच्या विरघळीत दोन फोटो एकाच वेळी पडद्यावर असतात, त्यामुळे तो सेकंद दोघांच्या वाट्यातून एकदाच खर्च होतो. आपल्या मधल्या दोन भागांत अडतीस फोटो म्हणजे सदतीस जोड. सगळीकडे विरघळ टाकली तर २०० सेकंदांचे १६३ होतात. फोटो संपतात आणि गाणं सदतीस सेकंद एकटंच वाजत राहतं. आपलं ॲप असं करतं का, हे तीन फोटोंवर कळतं. प्रत्येकी पाच सेकंद ठेवून दोन विरघळी टाकाव्यात आणि एकूण लांबी पाहावी. पंधरा दिसली तर चिंता नाही. तेरा दिसली तर जिथे जिथे विरघळ आहे तिथल्या फोटोला एक सेकंद जास्त द्यावा.

स्थिर फोटोवर कॅमेरा हळूहळू सरकवण्याच्या पद्धतीला अमेरिकी माहितीपटकार केन बर्न्स यांचं नाव चिकटलं आहे. ती पद्धत त्यांच्या आधीची आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानं १९५७मध्ये काढलेल्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या माहितीपटात क्लोंडाइकच्या सोन्याच्या शोधातली जुनी छायाचित्रं अशीच जिवंत केली होती. त्यातून शिकायचं ते एवढंच: सरकण्याला कारण हवं. मोठ्या गटफोटोत सगळं वऱ्हाड दाखवून मग कोपऱ्यात पदर चावत उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या करवलीकडे जाणं, याला कारण आहे. ॲप मात्र दर फोटोला एकदा आत, एकदा बाहेर असं आपोआप करतं आणि पाच मिनिटांत डोकं गरगरतं. ती सोय बंद करावी. पंचाहत्तरांतले दहा-बारा फोटो सरकू द्यावेत, तेही पूर्ण वेळात शंभरावरून एकशेआठ-दहा टक्क्यांपर्यंतच. बाकीचे स्थिर.

मजकूर: जे दिसत नाही तेवढंच

केकवर ५० लिहिलेलं दिसत असताना खाली ‘आनंदाचे क्षण’ लिहून काही कळत नाही. फोटोतून जे कळू शकत नाही, तेवढंच लिहावं: कोण, कुठे, कधी, आणि एखादी घरातली गोष्ट. ‘चिंचवड, १९७९. भाड्याची खोली, दहा बाय बारा.’ ‘फोटो काढणारे: बाबा. म्हणून ते यात नाहीत.’ ‘हा स्वेटर पुढे तिघांनी घातला.’ अशा ओळी ऐकायला थोरल्या आत्याजवळ अल्बम घेऊन बसावं लागतं, आणि ती बोलेल तसं तिच्याच शब्दांत उतरून घ्यावं लागतं.

पंचाहत्तरांपैकी पंचवीस फोटोंनाच मजकूर द्यावा. ओळ सहा-सात शब्दांची. मोजमाप असं: फोटोच्या वेळात ती ओळ मोठ्यानं, सावकाश दोनदा वाचून झाली पाहिजे. एकदा आजोबांच्या चष्म्यासाठी, एकदा फोटो पाहण्यासाठी. साडेतीन सेकंदांच्या फोटोंना हे जमणार नाही, म्हणून चौथ्या भागात मजकूर फारसा नको. गाण्यातले शब्द आणि पडद्यावरचे शब्द एकमेकांत अडकतात. तेव्हा लांब ओळी सनईवर किंवा दोन कडव्यांमधल्या वाद्यसंगीतावर याव्यात, अंतरा चालू असताना नुसतं नाव नि वर्ष पुरे.

ओळ अगदी तळाशी ठेवू नये. हॉलमधला पडदा खाली लावलेला असतो आणि पुढच्या रांगांतल्या अंबाड्यांनी नि फेट्यांनी तळाचा पट्टा झाकला जातो. तळापासून पाचवा हिस्सा सोडून वर घ्यावी. प्रोजेक्टरचा उजेड हॉलच्या दिव्यांत फिका पडतो, म्हणून पांढरी अक्षरं आणि मागे काळपट पट्टी, हाच जोड टिकतो. सोनेरी अक्षरं लॅपटॉपवर सुंदर आणि पडद्यावर नाहीशी होतात. ॲपला देवनागरी नीट जमतं का हे आधीच पाहावं. ‘वऱ्हाड’, ‘विठ्ठल’, ‘मुहूर्त’, ‘किर्लोस्करवाडी’ एवढे चार शब्द टाइप करावेत. ऱ्ह तुटला, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे गेली किंवा वरची मात्रा कापली गेली तर फाँट बदलावा. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळणारे फाँट बहुतेक ठिकाणी चालतात. तरीही अक्षरं तुटली तर दोष ॲपचा. मग मजकूर दुसरीकडे लिहून चित्र म्हणून आणावा.

कागदावरची पटकथा

हे सगळं एका तक्त्यात उतरवलं की योजना पुरी. दुसऱ्या भागाची सुरुवात अशी दिसेल:

| क्र. | फोटो | सेकंद | मजकूर | पुढचा जोड |
|---|---|---|---|---|
| १३० | खोलीच्या दारात दोघं | ५ | चिंचवड, १९७९. भाड्याची खोली, दहा बाय बारा. | विरघळ |
| १४० | थोरलीचं बारसं, गटफोटो, पाळण्याकडे सरकतो | १० | बारसं कराडला, आजोळी | काट |
| १५० | बारसं, आजी आणि बाळ | ५ | – | विरघळ |
| १६० | महाबळेश्वर, दोन फोटो शेजारी | ५ | फोटो काढणारे: एकदा बाबा, एकदा आई | विरघळ |

फोटो हाती येतील तसा तक्ता भरत जातो. पूर्ण झाल्यावर सेकंदांच्या रकान्याची बेरीज करावी आणि गाण्याच्या लांबीशी ताडावी. मग घराबाहेरच्या एखाद्या माणसाला, म्हणजे शेजाऱ्याला किंवा मित्राला, फोटो त्याच क्रमानं मोबाइलवर नुसते पुढे सरकवत दाखवावेत, गाण्याशिवाय. ‘ही कोण?’ असं तो जिथे विचारेल तिथे मजकूर हवा; जिथे तो न पाहता पुढे सरकवेल तिथला फोटो काढावा. सगळं जोडून झाल्यावर तयार फाइल हॉलच्याच प्रोजेक्टरवर आणि हॉलच्याच स्पीकरवर एकदा चालवून पाहावी.

आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फोन येणारच. नागपूरच्या काकूंना कपाटात एक फोटो सापडलेला असतो, आजवर कुणी न पाहिलेला, दोघं साखरपुड्याच्या दिवशी. तो घ्यावाच. मात्र तो वाढीव म्हणून घातला तर पुढचे सगळे फोटो साडेसात सेकंदांनी मागे पडतात, समेवरून सुटतात आणि सनई संपल्यावरही लग्न चालूच राहतं. म्हणून तक्ता उघडावा, पहिल्या भागातल्या बारांपैकी सर्वांत कमी बोलणारा फोटो शोधावा आणि त्याचे साडेसात सेकंद काकूंच्या फोटोला द्यावेत. दहा मिनिटांचं काम. तक्ता नसेल, तर रात्रभराचं.